एल-वन कॅशे ३२ केबीवरच का अडकली होती?

आधी टीएलबीतून पत्ता बदलून घ्यायचा आणि मग कॅशेत शोधायचं, तर प्रत्येक लोडला दोन्हींचा वेळ लागणार. मग दोन्ही एकदमच का करू नये?

करता येतं. पेज ४ केबीचं असेल, तर पत्त्याचे खालचे १२ बिट बदलतच नाहीत. उदाहरणाला मी इंटेलचा स्कायलेक घेतो: डेटा कॅशे ३२ केबी, ८ वे. लाइन ६४ बाइटची, म्हणजे ६ बिट. सेट ६४, म्हणजे आणखी ६. झाले की १२! सेट लगेच उघडतो, तोवर टीएलबी फिजिकल पत्ता देतो आणि आठही टॅग त्याच्याशी ताडले जातात.

आता ८ वे तसेच ठेवून ६४ केबी करा. सेट १२८ होतात, तेरावा बिट लागतो आणि तो व्हर्च्युअल पेज नंबरातला असतो. एकच फिजिकल पेज दोन व्हर्च्युअल पत्त्यांवर मॅप असेल आणि हा बिट वेगळा असेल, तर तीच लाइन दोन सेटमध्ये जाऊन बसते. एकीकडे लिहिलं तरी दुसरीकडे जुनंच वाचायला मिळतं. हेच एलियासिंग.

म्हणून एक वे पेजपेक्षा मोठा नको. आइस लेकला ४८ केबी करताना इंटेलने सेट ६४च ठेवले आणि वे १२ केले. मोबदल्यात दर वेळी बारा टॅग ताडावे लागतात.