कुसळी सांगते ते

महाडहून वरंध घाट चढलो की ढग आपल्याबरोबरच भोरकडे येतात, पण पाणी अलीकडेच ओतून मोकळे होतात. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कापूरहोळ, नारायणपूर करत सासवडच्या पूर्वेला नायगावला पोचावं, तर तिथे जेमतेम पाचशे. एप्रिलमध्ये महाड-पोलादपुरातही टँकर फिरतात, पण ती टंचाई. वाळवंटीकरण वेगळं : कोरड्या मुलखातल्या जमिनीचा कसच जातो.

पर्जन्यछाया हजारो वर्षांची आहे. तिच्यामुळे पाऊस कमी, पण माळ उघडा पडला तो माणसांमुळे. गुरं-शेळ्या वर्षभर मोकाट चरली की मारवेल, पवन्या ही चांगली गवतं बी धरायच्या आतच संपतात आणि उरते कुसळी. धोतराला कुसळं टोचू लागली की माळ बिघडला, हे गुराख्याला आधी कळतं. मग कुसळीही विरळ होते, थेंब थेट मातीवर आपटतात, वर पापडी धरते, आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला जातं. खाली राहतो मुरूम. वाढत्या उन्हाने बाष्पीभवन वाढतं. पाऊस मोजक्या दिवसांत धो धो कोसळला की मातीची ही धूप आणखी वेगाने होते.

उतारावर उपाय म्हणजे समतल चर. साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल चर एका मीटरला 180 लिटर पाणी धरतो. मात्र आखणी नळीच्या लेव्हलने हवी. नजरेच्या अंदाजाने खणलेला चर एका टोकाला कलतो, सगळं पाणी तिथे साचून बांध फोडतं आणि नवी घळ पडते. पहिल्या मोठ्या सरीनंतर चर पाहावा : पाणी सगळीकडे सारखं उभं असेल तर काम नीट झालं. शिवाय माळावर दोन-तीन वर्षं चराईबंदी हवी, नाहीतर चरात गाळ भरतो. चारा कापून गोठ्यात न्यायचा.

पण मुरलेलं पाणी कुणाचं? 1972च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली, बांध घातले, पाझर तलाव केला. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणशी : डोईमागे अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा. ऊस बंद. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा.

चर खणायला यंत्र मिळतं. उसाला नाही म्हणायला गावाची बैठक लागते, आणि ती दर साली लागते. हा नियम जिथे सुटतो तिथे चरात मुरलेलं पाणी बोअरने वर येऊन उसाच्या सरीत जातं. माळ हिरवा दिसतो, विहिरी मात्र फेब्रुवारीतच तळ दाखवतात.