तुरीच्या भावातून कॉबवेब: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पत्र

कॉबवेबची आकृती पाठ करू नकोस, लातूरच्या आडत बाजारातली तूर आठव. २०१५ च्या दुष्काळात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. तो भाव बघून २०१६ ला शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला. २०१७ च्या सुरुवातीला माल एकदम मोंढ्यात आला आणि भाव ५,०५० रुपये क्विंटल या हमीभावाखाली घसरला.

आता आकृती काढ. जुन्या भावावरून आडवी रेघ पुरवठ्याच्या वक्राला भिडते, तो यंदाचा पेरा. तिथून उभी रेघ मागणीच्या वक्रावर उतरते, तो नवा भाव. २०१६ चा चांगला पाऊस आणि आयात मात्र या रेघांत बसत नाहीत. उत्तरात ते वेगळं लिही. नांदेडला गेलास की घरच्यांना विचार, यंदा तूर किती पेरली आणि कोणता भाव धरून?

— तुझे सर