जूनमध्ये नफा, पैसे दिवाळीला! वहीत नफा दिसतो, मग गल्ला रिकामा का?

गंगाखेडमधले एक कृषी सेवा केंद्र समजा. पेरणीच्या तोंडावर दुकानदाराने 8 लाखांचे बियाणे आणि खत रोखीने आणले आणि जूनमध्येच सगळे 9 लाखांना विकले (जीएसटी सोडून). हातात आले फक्त 3 लाख. बाकीचे 6 लाख ‘सोयाबीन निघाल्यावर देतो’ या बोलीवर उधार.

जूनअखेर नफा किती? रोख पद्धतीत प्रत्यक्ष आलेले-गेलेले पैसेच धरतात. 3 लाख आले, 8 लाख गेले. म्हणजे 5 लाखांची तूट. उपार्जित पद्धतीत, ज्याला व्यापारी ‘मर्कंटाइल’ म्हणतात, माल देऊन बिल फाडले की विक्री झाली. 6 लाख ‘येणे’ म्हणून ताळेबंदात बसतात आणि नफा दिसतो 1 लाख.

एकट्या मालकाला आयकरासाठी यांपैकी एक पद्धत निवडता येते, मात्र दरवर्षी सोयीने बदलता येत नाही. कंपनीला 2013 च्या कंपनी कायद्याने उपार्जित पद्धतच सक्तीची आहे.

खरी ओढाताण जुलैत होते. मालाचा जीएसटी बिलावर लागतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जूनचा कर 20 जुलैपर्यंत भरावाच लागतो, उधारी वसूल झालेली असो वा नसो.

आणि पावसाने दगा दिला तर? 6 लाखांतले 1 लाख बुडाले, तरी जूनचा सगळा नफा गेला. पण ती रक्कम बुडीत म्हणून खर्ची टाकेपर्यंत वही नफाच दाखवत राहते. म्हणून नफ्याच्या आकड्याशेजारी उधारीची यादी हवी, प्रत्येक नावापुढे किती दिवस झाले हे लिहून. विक्री तेवढीच असताना येणे फुगत असेल, तर वसुली अडली आहे. दिवाळी उलटूनही यादीत जूनचीच नावे असतील, तर पुढच्या हंगामाचा माल भरायला कर्ज काढावे लागणार.