नकाशावरचा ठिपका मुद्दाम का सरकवतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या बाईला विचारलेले काही प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं ती सख्ख्या बहिणीलाही देईल याची खात्री नाही. नवरा हात उगारतो का? गर्भपात झाला होता का? मूल नको म्हणून काय वापरता? 2015-16च्या फेरीत निवडक घरांतून एचआयव्ही तपासणीसाठी रक्ताचे नमुनेही घेतले होते. ‘तुमचं नाव कुठंही येणार नाही’ हा शब्द दिल्यावरच ही उत्तरं मिळतात.

मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. 2019-21च्या फेरीत 6,36,699 घरांमध्ये मुलाखती झाल्या. नावं काढून टाकलेली ही माहिती नंतर जगभरच्या अभ्यासकांना नोंदणी करून मिळते. तिच्यासोबत प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही मिळतात, कारण कुपोषण कुठल्या पट्ट्यात जास्त आहे किंवा दुष्काळी भागात लसीकरण मागे पडतं का, हे नकाशाशिवाय कळत नाही. नेमकी इथंच त्या दिलेल्या शब्दाची कसोटी लागते.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असं होत नाही. माहितीच्या एका ओळीत वय, शिक्षण, जातवर्ग, मुलांची संख्या, घराच्या भिंती, वाहन, जनावरं असं सगळं असतं. एक्केचाळीस वर्षांची विधवा, चार मुली, दारात ट्रॅक्टर. जिल्ह्याचं नाव एवढंच माहीत असेल तर अशा बाया कितीतरी निघतील. पण गाव कळलं, आणि ते दीडशे उंबऱ्यांचं असलं, तर तिथलं कुणीही घर बोटानं दाखवील. त्यामुळे घर झाकून भागत नाही. मुळात गाव झाकावं लागतं.

हे झाकण्याची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत घरांच्या जागा बाजूलाच ठेवतात. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या एका गावातली किंवा शहरी वस्तीतली साधारण 22 घरं एक गट धरतात आणि त्या सगळ्यांना मिळून एकच ठिपका देतात. हा ठिपका म्हणजे वस्तीचा मध्य. दुसऱ्या पायरीत तो मुद्दाम सरकवतात. शहरी ठिपका जास्तीत जास्त 2 किलोमीटर, ग्रामीण ठिपका जास्तीत जास्त 5 किलोमीटर. शहरात थोड्या अंतरातही हजारो घरं सापडतात. खेड्यात तेवढी घरं गाठायला लांब जावं लागतं, म्हणून हा फरक. शिवाय ग्रामीण ठिपक्यांपैकी 1 टक्का ठिपक्यांना 10 किलोमीटरपर्यंतची मुभा असते. ते ठिपके कुठले हे कुणालाच सांगत नाहीत. त्यामुळे ‘गाव या पाच किलोमीटरच्या वर्तुळातच असणार’ असं कुठल्याही ठिपक्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही. अशा प्रकारची सर्वेक्षणं अनेक देशांत होतात आणि तिथंही हेच नियम वापरले गेले आहेत.

प्रत्यक्षात काय घडतं ते एका काल्पनिक गावावर पाहू. संगणक आधी दिशा काढतो: 0 ते 360 अंशांमधला कुठलाही कोन. समजा 143 आला, म्हणजे साधारण आग्नेय. मग अंतर काढतो: 0 ते 5,000 मीटरमधला कुठलाही आकडा. समजा 3,200 आला. आता ठिपका दक्षिणेकडे सुमारे 2,556 मीटर आणि पूर्वेकडे सुमारे 1,926 मीटर जाईल. महाराष्ट्राच्या परिसरात हा बदल अक्षांशात अंदाजे 0.023 आणि रेखांशात 0.018 अंश इतका होतो. शेवटी एक तपासणी असते: नवी जागा त्याच जिल्ह्यात आहे ना? ठिपका हद्द ओलांडून गेला असेल, तर कोन आणि अंतर पुन्हा काढायचं.

मोठं चित्र शाबूत राहतं ते या शेवटच्या तपासणीमुळे. उत्तरांना कुणी हात लावलेला नसतो आणि जिल्हाही बदललेला नसतो, त्यामुळे जिल्ह्याची टक्केवारी दशांशानंही हलत नाही. पाऊस, तापमान यांसारख्या, दहा-वीस किलोमीटरवर हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींशी तुलनाही बऱ्यापैकी टिकते. सपाट मुलखात तीन किलोमीटर पलीकडे पाऊस फारसा वेगळा नसतो.

फसगत होते ती जवळच्या अंतरांच्या बाबतीत. आपल्या काल्पनिक गावाच्या पूर्वेला 2 किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे असं समजा. ठिपका वर सांगितल्याप्रमाणे आग्नेयेला सरकला, तर केंद्र अडीच किलोमीटरवर दिसेल; फरक थोडाच. पण तेवढाच तो पश्चिमेला सरकला असता, तर केंद्र 5.2 किलोमीटर लांब गेलं असतं, आणि मधे दुसरं एखादं केंद्र जवळ आलं असतं तर हिशेबात तेच धरलं गेलं असतं. म्हणून ‘केंद्र लांब असेल तर बाळंतपणं घरी होतात का’ हा प्रश्न या ठिपक्यांवरून सरळ अंतर मोजून सोडवू नये. ग्रामीण ठिपक्याभोवती 5 आणि शहरी ठिपक्याभोवती 2 किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यातली सरासरी घ्यावी, असं मार्गदर्शन अभ्यासकांना दिलेलं आहे. तालुक्याचंही तसंच. तपासणी जिल्ह्याच्या हद्दीची असते, तालुक्याच्या नाही. त्यामुळे गाव एका तालुक्यात आणि ठिपका शेजारच्या तालुक्यात असं होऊ शकतं.

या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. अंतराचे सगळे आकडे सारख्याच शक्यतेनं येतात, म्हणजे दहातला एक ग्रामीण ठिपका 500 मीटरच्या आतच राहतो. तो जवळजवळ मूळ जागीच असतो. त्याचं संरक्षण एवढंच की तो कुठला, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून काही संशोधकांनी किमान अंतराचीही अट सुचवली आहे: ठिपका इतका तरी हललाच पाहिजे. विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात दुसरी अडचण येते. वर्तुळात जंगल आणि धरणाचं पाणीच असेल आणि वाडी एकच असेल, तर पाच किलोमीटर सरकवूनही ती वाडी लपत नाही. झाकण्याचं खरं माप किलोमीटर नव्हेच; त्या वर्तुळात मिसळून जायला आणखी किती घरं आहेत, हे ते माप आहे.

हा पडदा नकळत उचललाही जातो. एकाच गावाचा ठिपका दर वर्षी नव्यानं सरकवून छापला, तर त्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी हळूहळू खऱ्या गावाकडे सरकते. म्हणून एकदा सरकवलेली जागा कायम ठेवावी लागते. तसंच खऱ्या जागेवरून मोजलेली मीटरनिशी उंची किंवा नदीपासूनचं अंतर सोबत दिलं, तर वर्तुळातली बाकीची गावं एकेक करून बाद करता येतात. अशा सोबतच्या गोष्टीही सरकवलेल्या ठिपक्यावरूनच मोजायला हव्यात.

आता असे नकाशे आपल्याकडे वर्तमानपत्रांत, स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत, जिल्हा कार्यालयांच्या भिंतींवर दिसतात. ते छापणाऱ्यानं दोन गोष्टी पाळायलाच हव्यात. ठिपके किती अंतरापर्यंत सरकवले आहेत हे नकाशाखाली स्पष्ट लिहावं, म्हणजे वाचणारा ठिपक्यावरून गावाचं नाव काढत बसणार नाही. आणि कुठला ठिपका कुठं, किती सरकवला हे मात्र कुणालाही देऊ नये. नियम उघड असला तर अभ्यासक चुकीचा हिशेब धरू शकतो. प्रत्येक ठिपक्याचा कोन आणि अंतर उघड झालं, तर दार लावून घेऊन उत्तरं दिलेल्या बाईचं घर उघडं पडतं.