पाच मिलीचा घोळ

समजा, चार वर्षांचा मुलगा आहे, वजन १४ किलो. घसा दुखतोय म्हणून रात्री जेवला नाही, आवंढा गिळताना रडतोय, अंगही तापलंय. आईनं औषधांचा डबा उघडला तर त्यात तीन बाटल्या निघाल्या. एक धाकटीला लस टोचल्यावर आणलेल्या थेंबांची, दुसरी नेहमीच्या तापाच्या औषधाची आणि तिसरी गेल्या पावसाळ्यात मेडिकलवाल्यानं 'जरा स्ट्राँग देतो' म्हणून दिलेली. तिन्हींत औषध एकच, पॅरासिटामॉल. घरातला रिवाजही एकच, ताप आला की एक चमचा, म्हणजे पाच मिली.

आता बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचू. बहुतेक थेंबांत एका मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि 'स्ट्राँग' सिरपमध्ये पाच मिलीत २५० मिलिग्रॅम. म्हणजे त्याच मुलाला, त्याच पाच मिलीतून, कुठली बाटली हाती लागली यावर १२०, २५० किंवा थेट ५०० मिलिग्रॅम औषध मिळेल. त्याला हवं किती? पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. १४ किलोला १४० ते २१० मिलिग्रॅम. पहिल्या सिरपचा चमचा त्याला कमी पडेल, दुसऱ्याचा थोडा जास्त होईल आणि थेंबांचे पाच मिली दिले तर कमाल डोसाच्या दुपटीहूनही जास्त औषध पोटात जाईल. लहान बाळांची बाटली म्हणून ज्याला सौम्य समजलं जातं, तेच औषध तिघांत सर्वांत तीव्र असतं. बाळाला एक-दोन मिलीत काम भागावं म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं.

हिशेब अवघड नाही. आधी वजनाला १५ ने गुणायचं आणि कमाल मिलिग्रॅम काढायचे. मग बाटलीवर 'पाच मिलीत किती' हे पाहून त्याला पाचाने भागायचं, म्हणजे एका मिलीत किती ते कळतं. 'स्ट्राँग' सिरपमध्ये एका मिलीत ५० मिलिग्रॅम, म्हणून या मुलाला ४ मिली पुरे, त्यातून २०० मिलिग्रॅम जातात. १२० च्या सिरपमध्ये एका मिलीत २४ मिलिग्रॅम, त्यामुळे तिथे साधारण साडेआठ मिली लागतील. थेंबांचे २ मिली. आकडे इतके वेगळे दिसतात, पण औषध तेवढंच.

वयावरून डोस ठरवायची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. पण बालवाडीच्या रांगेत शेजारी उभी असलेली दोन चार वर्षांची मुलं एक १२ किलोचं आणि दुसरं १८ किलोचं असू शकतं. पहिल्याला कमाल १८० मिलिग्रॅम चालतील, दुसऱ्याला २७०. औषध रक्तात किती पसरेल हे शरीराच्या आकारावर ठरतं, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांवर नाही. वजनही गेल्या वर्षीचं धरून चालत नाही. वयाच्या मानानं वजन फारच जास्त असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हा गुणाकार आपला आपण न करता डॉक्टरांनाच विचारावा.

मोजायचं कशानं, हाही प्रश्न आहेच. स्वयंपाकघरातला चमचा कधी तीन मिलीचा असतो, कधी सातचा. मेडिकलमध्ये मिळणारी बिनसुईची पाच किंवा दहा मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडलं की सांडतही नाही आणि ठसकाही लागत नाही.

पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जायला हवेत आणि चोवीस तासांत चारच्या वर डोस घरच्या घरी देऊ नयेत. खरी गफलत होते ती एकाच मोठ्या डोसानं क्वचित, बऱ्याचदा थोड्या थोड्या जास्तीनं. संध्याकाळी आईनं दिलं, आठला आजीनं दिलं, रात्री बाबांनी 'अजून गरम लागतंय' म्हणून पुन्हा दिलं. यकृत पॅरासिटामॉलचा निचरा करतं तेव्हा एक विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निष्प्रभ करतं. औषध मर्यादेत असेल तर हा साठा पुरतो. दोन-तीन दिवस ताप, पोटात अन्न नाही आणि वर डोस जास्त, असं झालं की साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पंचाईत अशी, की पहिल्या दिवशी मूल फारसं आजारी दिसत नाही. उलटी, मळमळ, सुस्ती एवढंच, आणि तेही मूळ आजाराचंच वाटतं. यकृत बिघडल्याची खूण दोन-तीन दिवसांनी दिसते. उतारा आहे, त्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो जास्त डोस गेल्यापासून आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गेल्याची शंका आली की लक्षणांची वाट न पाहता बाटली घेऊन रुग्णालय गाठायचं. आणि डोस दिल्याची वेळ बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहावी, म्हणजे घरातल्या तिघांनी तीनदा देण्याचा प्रकार टळतो.

मग आयबुप्रोफेनचं काय? पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूत काम करतं, दुखणं आणि ताप कमी करतं. आयबुप्रोफेन त्याबरोबर घशातली सूजही उतरवतं. त्यामुळे घशाला तेच जास्त लागू पडेल, असं कागदावर तरी दिसतं. फ्रान्समध्ये घसा आणि टॉन्सिल्स सुजलेल्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक सगळ्यांनाच चालू होतं. दोन दिवसांनी आयबुप्रोफेनच्या गटात शंभरातल्या सुमारे ८० मुलांचं दुखणं थांबलेलं होतं, पॅरासिटामॉलच्या गटात ७० आणि नुसतं बिनऔषधी सिरप घेतलेल्यांत ५५. पण त्यात पॅरासिटामॉल किलोमागे १० मिलिग्रॅमच दिलं होतं. पुढे १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा दोन्ही औषधांत लक्षात घेण्याजोगा फरक उरला नाही. 'पॅरासिटामॉलनं काही होत नाही' अशी तक्रार करणाऱ्या कित्येक घरांत औषध कुचकामी नसतं, चमचा कमी पडत असतो.

आयबुप्रोफेनचा डोस किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी. सिरप बहुधा पाच मिलीत १०० मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे आपल्या मुलाला जास्तीत जास्त ७ मिली. बाटली आधी हलवून घ्यायची आणि औषध काही खाल्ल्यावर द्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते द्यायचं नाही. मुलानं दिवसभर पाणी नाकारलंय, उलट्या-जुलाब चालू आहेत, लघवी कमी झालीय, अशा वेळी ते मूत्रपिंडांना इजा करू शकतं. कांजिण्यांतही ते टाळतात, कारण त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध दिसून आला आहे.

आणि महाराष्ट्रात जुलै ते नोव्हेंबर म्हणजे डेंग्यूचे दिवस. डेंग्यूत प्लेटलेट्स घटतात, रक्तस्रावाची भीती असते आणि आयबुप्रोफेन उरलेल्या प्लेटलेट्सचं कामही मंदावतं. तापाचं कारण कळेपर्यंत पॅरासिटामॉलच बरं. घशाच्या साध्या दुखण्यातही पहिली निवड तीच ठेवावी, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. आयबुप्रोफेन हे खातंपितं, लघवी नीट होणारं मूल असेल आणि पॅरासिटामॉलच्या पुऱ्या डोसानंही दुखणं ऐकत नसेल तेव्हासाठी.

आपल्या बाजारात या दोघांचं मिश्रण एकाच बाटलीत सर्रास मिळतं. अशा मिश्रणात पाच मिलीला सहसा १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. हे मिश्रण पाच मिली आणि वर 'तापासाठी' स्ट्राँग सिरप चार मिली दिलं, तर १४ किलोच्या मुलाला एकाच वेळी साडेतीनशेहून जास्त मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जातं. सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपमध्येही ते असतंच. बाटलीवरचं मोठं नाव कंपनीचं, कामाचं नाव खाली बारीक अक्षरांत.

त्याच डब्यात आजोबांची गोळीही असते. ॲस्पिरिन, डिस्प्रिनच्या पाकिटात किंवा हृदयविकारासाठी दिलेल्या छोट्या डोसाच्या पट्टीत. पूर्वी ती मुलांनाही सर्रास दिली जायची. १९६३ मध्ये सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. साधा सर्दीतापासारखा आजार, त्यातून मूल बरं होतंय असं वाटत असतानाच न थांबणाऱ्या उलट्या, मग बरळणं, झटके, बेशुद्धी. त्यांतली १७ दगावली. शवचिकित्सेत मेंदू सुजलेला आणि यकृत चरबीनं भरलेलं आढळलं. कारण मात्र सापडेना.

धागा मिळाला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात. कॅरेन स्टार्को यांनी १९८० मध्ये रे सिंड्रोम झालेल्या सात मुलांची, तसाच फ्लू होऊन सुखरूप राहिलेल्या त्यांच्या सोळा वर्गमित्रांशी तुलना केली. आजारी सातही मुलांनी ॲस्पिरिनच्या जातीचं औषध घेतलं होतं, सोळांपैकी आठांनी. संख्या लहान होती, औषध कंपन्यांनी वादही घातला, पण पुढचे मोठे अभ्यास त्याच दिशेनं गेले. फ्लू किंवा कांजिण्यांसारखा विषाणूसंसर्ग असताना ॲस्पिरिन दिलं, तर काही मुलांच्या यकृतपेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं बंद पडतात, रक्तात अमोनिया साचतो आणि मेंदूला सूज येते. अमेरिकेत १९८६ पासून ॲस्पिरिनवर इशारा छापणं सक्तीचं झालं. १९८० च्या सुमारास तिथे वर्षाला ५५५ रुग्ण नोंदले गेले होते, १९९४ ते १९९७ या काळात कुठल्याही वर्षी दोनाहून जास्त नाहीत. ब्रिटनमध्ये आधी बारा वर्षांखाली मनाई होती, २००२ मध्ये ती सोळा वर्षांपर्यंत वाढवली. कावासाकी आजारासारख्या मोजक्या दुखण्यांत डॉक्टर आजही मुलांना ॲस्पिरिन देतात, पण स्वतःच्या देखरेखीखाली. घसा दुखण्याला ते नाही. आणि घसा दुखवणारे आजार बहुतेक वेळा विषाणूंचेच असल्यानं ही मनाई नेमकी इथेच लागू होते.

मूल लाळ गाळतंय, पाणीही गिळत नाही, तोंड उघडत नाही, आवाज घोगरा होऊन श्वास घ्यायला त्रास होतोय, यांतलं काहीही दिसलं तर डोसाचा हिशेब बाजूला ठेवून थेट रुग्णालय. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तरी तेच. खोकला-सर्दी नाही, पण ताप, टॉन्सिल्सवर पांढरा पू आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील तर स्ट्रेप्टोकोकसची तपासणी करून घ्यावी, कारण त्याच्यामागून हृदयाला इजा करणारा संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि त्यावर वेदनाशामकाचा काही उपयोग नसतो. एरवी पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: आजचं वजन, डोस किती मिलिग्रॅमचा, आणि तुमच्या घरातल्या बाटलीतून तो किती मिली भरतो.