पोहरादेवीत गाडी घ्यावी की भाड्याने करावी? महिन्याचा खरा हिशेब

घरात सहा-साडेसहा लाख रुपये साठले की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो गाडीचा. अम्मीला दवाखान्यात न्यायचं असतं, दिग्रसहून दुकानाचा माल आणायचा असतं, कारंज्याला कुणाचा निकाह असतो. मग कुणीतरी सांगतं, "वाशिमला जाऊन यायला साडेसातशे-आठशेचं पेट्रोल लागतं, आणि स्पेशल गाडीवाला दोन हजार घेतो. स्वतःची गाडी घे ना!" ऐकायला हे पटतं. पण यात आठशे रुपये म्हणजे फक्त पेट्रोल आहे, आणि दोन हजारांत त्या गाडीवाल्याचं पेट्रोल, विमा, टायर, त्याची मजुरी आणि गाडीची झीज असं सगळं आलं. तुलना सुरुवातीलाच तिरकी झाली.

मोठ्या शहरांचं गणितही इथे चालत नाही. तिथे अॅपवर बोट ठेवलं की टॅक्सी दारात येते आणि एका बाजूचंच भाडं पडतं. आपल्याकडे ओळखीच्या गाडीवाल्याला फोन करावा लागतो आणि तो जाण्या-येण्याचे दोन्ही किलोमीटर मोजतो. म्हणून आपला हिशेब आपल्याच आकड्यांनी मांडायचा.

पोहरादेवीतलं एक घर धरू. छोटं दुकान, घरात सहा माणसं, दारात एक मोटरसायकल. महिन्याला दिग्रसच्या सहा फेऱ्या, म्हणजे साधारण ३०० किलोमीटर. अम्मीच्या तपासणीसाठी वाशिमची एक फेरी १२० किलोमीटर, लग्नकार्याला कारंज्याची एक फेरी १०० आणि मानोरा व आसपासचं ८०. एकूण ६०० किलोमीटर.

या घराने साडेसहा लाखांची नवी छोटी पेट्रोल गाडी रोखीने घेतली, असं समजा. पाच वर्षांनी ती विकायला काढली तर साडेतीन लाख आले, तरी व्यवहार बरा म्हणायचा. म्हणजे तीन लाख गेले. साठ महिन्यांत वाटले तर महिन्याला ५००० रुपये. ही रक्कम कुणी दर महिन्याला हातातून काढून नेत नाही, म्हणून ती कुणाच्या वहीत येत नाही. पण गाडीचा सगळ्यात मोठा खर्च हाच. गाडी अंगणात उभी असली तरी तो चालूच राहतो.

त्यावर विमा पाच वर्षांच्या सरासरीने महिन्याला १२०० धरू. सर्व्हिसिंग ७५०, टायर आणि बॅटरीसाठी ३५०, पीयूसी, धुणं, टोल, किरकोळ काम मिळून २००. झाले ७५०० रुपये, आणि अजून पेट्रोल भरलेलं नाही. ६०० किलोमीटरला लिटरमागे १६ च्या हिशेबाने साडेसदतीस लिटर लागेल. १०५ रुपये भाव धरला तर ३९४० रुपये. एकूण महिन्याला ११,४४०, म्हणजे किलोमीटरला १९ रुपये. स्पेशल गाडीचा १४ रुपयांचा दर आपल्याला महाग वाटतो, आणि घरची गाडी १९ ला पडते!

आता हप्त्याचं बघू. इथे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. पहिली चूक, हप्ता आणि झीज दोन्ही जोडायची. हप्त्यातलं मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, ती झीज आणि विक्रीच्या किमतीत आधीच धरलेली असते. वेगळं जोडायचं ते फक्त व्याज. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १०,५०० चा पडतो, त्यातलं व्याज सरासरी महिन्याला २१७० रुपये. दुसरी चूक याच्या उलटी. व्याज नको म्हणून आपल्यातले अनेक जण रोखीने किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन गाडी घेतात आणि म्हणतात, "आपल्याला हप्ता नाही, फक्त पेट्रोल." २१७० वाचले हे खरं, पण ७५०० चा खर्च जागेवरच राहतो.

तेच घर गाडी न घेता कसं चालतं? दिग्रसला एसटीने जायचं. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या बसला सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला १०.०५ रुपये पडतात. पाच टप्पे धरले तर एका बाजूला ५० रुपये, सहा फेऱ्यांचे ६००. माल छोट्या टेम्पोत इतरांसोबत टाकून आणायचा, दर फेरीला दीडशे धरले तर ९००. वाशिमला अम्मीसाठी स्पेशल गाडी, थांबण्याच्या पैशांसह २०००. कारंज्याला सगळं घर जाणार, तेही २०००. मानोऱ्याला मोटरसायकल, २०० चं पेट्रोल. अडीअडचणीसाठी १००० बाजूला. बेरीज ६७००. महिन्याला ४७४० रुपयांचा फरक, वर्षाला जवळपास ५७ हजार. शिवाय साडेसहा लाख हातात राहिले ते वेगळेच.

यात अजून घट होऊ शकते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. तब्येत बरी असेल त्या महिन्यात अम्मी बसने गेल्या तर दोन हजारांची फेरी काहीशे रुपयांत होते.

मग गाडी परवडते कधी? गाडीचा बांधील खर्च ७५००. स्पेशल गाडी १४ रुपये, घरच्या गाडीचं पेट्रोल साडेसहा, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साडेसात रुपये वाचतात. ७५०० भागिले साडेसात, १००० किलोमीटर. स्पेशल गाडीने महिन्याला हजार किलोमीटरपेक्षा जास्त फिरावं लागत असेल तरच नवी गाडी स्वस्त. बसचे किलोमीटर यात धरू नका, ते पेट्रोलपेक्षाही स्वस्त आहेत. अडीच लाखांची जुनी गाडी घेतली तर झीज कमी आणि दुरुस्ती जास्त, पण बांधील खर्च ५१०० च्या आसपास येतो आणि ही रेघ ६८० किलोमीटरवर उतरते. जुनी घेताना आरसी बुक आपल्या नावावर करून घ्या. अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव, त्यालाच जबाबदार धरलं जातं.

"अधूनमधून भाडं मारू, खर्च निघेल" हा विचार मात्र सोडा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला तर विमा कंपनी खासगी गाडीचा दावा नाकारू शकते.

रात्रीचा प्रश्न खरा आहे. रात्री दोनला छातीत दुखलं तर एसटी नाही, आणि गाडीवाला फोन उचलेलच असंही नाही. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, तिला आधी फोन लावायचा. त्याशिवाय गावातल्या दोन गाडीवाल्यांशी रात्रीचा दर आधीच ठरवून ठेवावा, दोन हजारांऐवजी तीन हजार ठरला तरी चालेल. रामनवमीच्या यात्रेत गाड्या मिळणं अवघड, तेव्हा दवाखान्याची तारीख पुढे-मागे करून घ्यावी.

आणि एक घर असं, जिथे हा सगळा हिशेब उलटा होतो. आठवड्यातून तीनदा वाशिमला डायलिसिस असेल तर महिन्याच्या तेरा फेऱ्या, १५६० किलोमीटर. स्पेशल गाडीचे २१,८४० रुपये होतात, त्यात चार-चार तास थांबण्याचे वेगळे. घरची गाडी जास्त फिरल्याने झीज आणि सर्व्हिसिंगचे हजार-दीड हजार वाढवले तरी १९ हजारांच्या आसपास थांबते. आणि डायलिसिस झाल्यावर थकलेल्या माणसाला गाडीवाल्याची वाट बघत बसावं लागत नाही. या घराने गाडी घ्यावी, शक्यतो जुनी, आणि घरातल्या दोघांनी तरी चालवायला शिकावं.