टार्गेट १,२५० : पण कशाच्या जोरावर?

तिमाही निकालांचा हंगाम सुरू झाला की एकाच साच्यातली बातमी रोज कानावर येते. अमुक ब्रोकरेजने तमुक शेअरवरचं ‘बाय’ रेटिंग कायम ठेवलं, टार्गेट १,१०० वरून १,२५० केलं. शेअरचा भाव १,०८० असतो. म्हणजे वर्षभरात शेअरमागे १७० रुपये सुटतील, असा हिशेब ऐकणारा मनातल्या मनात मांडून मोकळा होतो.

१,२५० हा आकडा आला कुठून, हे मात्र त्या बातमीत नसतं. ते असतं मूळ अहवालात, आणि तो बहुतेक जण उघडतच नाहीत. खरं तर तो आकडा काढण्याचं गणित शाळकरी मुलाला जमेल इतकं सोपं असतं. अवघड असतं ते त्यात घातलेलं गृहीत. म्हणून एक टार्गेट सुटं करून पाहू. कंपनी काल्पनिक आहे, रीत मात्र खरी. चार्ट पाहून दोन-चार दिवसांसाठी दिले जाणारे ‘कॉल’ हा वेगळा प्रकार आहे. इथे विषय आहे तो कंपनीचा धंदा अभ्यासून साधारण बारा महिन्यांसाठी दिलेल्या टार्गेटचा.

शेतीपंप बनवणारी एक कंपनी घ्या. तिचे ४ कोटी शेअर आहेत आणि भाव ९०० रुपये. विश्लेषक अंदाज बांधतो की पुढच्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री २,००० कोटी होईल आणि त्यावर १५ टक्के ऑपरेटिंग मार्जिन मिळेल. म्हणजे ३०० कोटी. त्यातून घसारा आणि व्याज मिळून ३३ कोटी गेले, उरलेल्यावर साधारण २५ टक्के कर गेला, की हातात २०० कोटी निव्वळ नफा राहतो. ४ कोटी शेअरवर वाटला तर शेअरमागे ५० रुपये कमाई, म्हणजेच ईपीएस. आता बाजार या कमाईला किती पट भाव देईल हे ठरवायचं. विश्लेषक २२ पट धरतो. ५० गुणिले २२ म्हणजे १,१००. आजच्या भावापेक्षा हे २२ टक्के जास्त, म्हणून ‘बाय’. अहवाल वीस पानांचा असो की साठ पानांचा, पुष्कळ वेळा टार्गेट शेवटी या एका गुणाकारावर उभं असतं.

आता त्यातलं एकच गृहीत जरासं हलवून पाहा. तांब्याचा भाव वाढला आणि मार्जिन १५ ऐवजी १४ टक्के झालं. वरच्याच पद्धतीने ईपीएस ४६ रुपयांच्या आसपास येते आणि टार्गेट १,०२० च्या घरात. विश्लेषकाने २२ पट का धरलं, हेही विचारा. समजा गेल्या पाच वर्षांत या शेअरला सरासरी १९ पटच भाव मिळालेला आहे आणि ‘वाढीचा वेग सुधारतोय’ म्हणून विश्लेषकाने तीन पट वाढवून घेतले आहेत. १४ टक्के मार्जिन आणि १९ पट धरलं, तर टार्गेट ८८० निघतं, आजच्या भावापेक्षाही खाली. धंद्यात कोणतंही संकट नाही, कारखाना तोच, विक्रीही तीच. दोन गृहीतं किंचित सरकली आणि ‘बाय’ असलेला शेअर महाग ठरला. टार्गेट १,१३७ असं शेवटच्या रुपयापर्यंत छापलेलं असतं तेव्हा फार नेमकेपणाचा भास होतो. प्रत्यक्षात तो ८८० ते १,३०० अशा रुंद पट्ट्यातला विश्लेषकाने निवडलेला एक बिंदू असतो.

आता बातमीतल्या १,२५० कडे येऊ. आठ महिने गेले, शेअर १,०८० वर पोचला. जुनं टार्गेट १,१००, म्हणजे आता दोन टक्केही जागा उरली नाही. नियमाने रेटिंग ‘होल्ड’वर यायला हवं. ‘बाय’ ठेवायचं असेल तर टार्गेट वर न्यावं लागेल, आणि ते वर नेण्याचे तीन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे त्याच वर्षाच्या नफ्याचा अंदाज वाढवायचा. नव्या ऑर्डर आल्या, मार्जिन सुधारलं, म्हणून ईपीएस ५० ऐवजी ५७ धरली. २२ पटीने १,२५४. दुसरा, नफ्याच्या अंदाजाला हात न लावता त्यापुढच्या वर्षाची ईपीएस घ्यायची. ती ५७ असेल तर पुन्हा १,२५४. याला या धंद्यात ‘रोल फॉरवर्ड’ म्हणतात. तिसरा, ईपीएस ५० च ठेवायची आणि २२ ऐवजी २५ पट धरायचं. तेही १,२५०.

तिन्ही वेळा बातमी एकच होते : ‘बाय’ कायम, टार्गेट १,२५०. पण पहिल्या वेळी कंपनीच्या धंद्यात काहीतरी चांगलं घडलेलं आहे. दुसऱ्या वेळी फक्त कॅलेंडरचं पान उलटलं आहे. त्यात गैर काही नाही, पण नवी माहितीही नाही. तिसऱ्या वेळी शेअर वर गेला म्हणून टार्गेट त्याच्यामागे गेलं आहे. तेजीच्या काळात हा तिसरा प्रकार फोफावतो आणि सामान्य गुंतवणूकदाराचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो, असं मला वाटतं. कारण पटीचा हा फुगवटा मंदीत तितक्याच वेगाने उतरतो, आणि तेव्हा नफा न घटताही शेअर वीस-पंचवीस टक्के पडू शकतो. म्हणून टार्गेट वाढल्याचं ऐकलं की पहिला प्रश्न एकच विचारावा : ईपीएसचा अंदाज बदलला की पट बदलली? अहवालाच्या पहिल्या दोन पानांवर जुना अंदाज आणि नवा अंदाज शेजारी शेजारी देणारं छोटं कोष्टक बहुधा असतं. उत्तर तिथेच मिळतं.

अहवालाची शेवटची पानंही वाचण्यासारखी असतात. सेबीने २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी नियमावली आणली. विश्लेषकाला नोंदणी घ्यावी लागते आणि तो क्रमांक INH या अक्षरांनी सुरू होतो. आपल्या वा नातेवाइकांच्या नावावर त्या कंपनीत हितसंबंध आहेत का, आपल्या संस्थेला गेल्या बारा महिन्यांत त्या कंपनीकडून मोबदला मिळाला आहे का, हे जाहीर करावं लागतं. वाचकाच्या फार उपयोगाची आणखी एक अट आहे. एखाद्या शेअरला वर्षभराहून अधिक काळ रेटिंग किंवा टार्गेट दिलं जात असेल, तर अहवालात त्या शेअरच्या रोजच्या बंद भावाचा आलेख द्यावा लागतो. पुष्कळ अहवालांत त्याच पानावर जुनी टार्गेट तारखांसकट दिलेली असतात. भावाची रेषा आणि टार्गेटचे ठिपके एकत्र पाहा. भाव चढल्यानंतर टार्गेट चढलं आणि पडल्यानंतर पडलं असं दर वेळी दिसलं, तर तो विश्लेषक भावाला मागून जोडलेला आहे हे उघड होतं.

रेटिंगच्या शब्दांचाही अर्थ लावावा लागतो. एका पेढीत १५ टक्क्यांहून जास्त परतावा अपेक्षित असेल तर ‘बाय’, दुसरीत १० टक्क्यांनाही ‘बाय’. आपण कोणता शब्द कशासाठी वापरतो, हे प्रत्येक पेढीने सांगून ठेवायचं असतं. ‘आउटपरफॉर्म’ किंवा ‘ओव्हरवेट’ हे बहुधा तुलनेने दिलेलं मत असतं. निर्देशांक २० टक्के पडला आणि शेअर १२ टक्केच पडला, तरी ते मत बरोबर ठरतं, तुमचे पैसे मात्र गेलेलेच असतात. आणि ‘होल्ड’चा अर्थ ‘निर्धास्त राहा’ असा घेऊ नये. ५ टक्के वाढ अपेक्षित आहे असं म्हणणारा ‘होल्ड’ हा पुष्कळदा विश्लेषकाने सौम्य शब्दांत सांगितलेला ‘सेल’ असतो.

तो उघडपणे ‘सेल’ का म्हणत नाही? म्हणणाऱ्याची किंमत काय असते, याचं जुनं उदाहरण अमेरिकेत आहे. मार्विन रॉफमन हे फिलाडेल्फियातल्या एका ब्रोकरेज पेढीत जुगारगृहांच्या कंपन्यांचे विश्लेषक होते. अटलांटिक सिटीत डोनाल्ड ट्रम्प यांचं ताजमहाल कॅसिनो १९९० च्या एप्रिलमध्ये उघडणार होतं. मार्चमध्ये रॉफमन यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की हिवाळ्याचे थंड महिने आले की एवढा डोलारा आणि त्यावरचं कर्ज तिथल्या गिऱ्हाइकीला पेलणार नाही. ट्रम्प यांनी पेढीकडे माफीची नाहीतर रॉफमन यांना काढून टाकण्याची मागणी केली. माफीच्या पत्रावर सही करून रॉफमन यांनी नंतर ते मागे घेतलं आणि त्यांची नोकरी गेली. १९९१ मध्ये ते कॅसिनो दिवाळखोरीत गेलं. लवादाने पेढीला रॉफमन यांना साडेसात लाख डॉलर द्यायला लावले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण ते पाहणाऱ्या प्रत्येक विश्लेषकाला कळायचं ते कळलं.

इतकं टोक रोज गाठलं जात नाही. पण कंपनीचे अधिकारी नाराज झाले तर माहितीसाठी फोन घेत नाहीत. मोठे फंड, जे ब्रोकरेजचे खरे ग्राहक, त्यांच्याकडे तोच शेअर असतो. शिवाय ‘बाय’चा अहवाल कोणालाही खपतो, ‘सेल’चा उपयोग मुख्यतः ज्यांच्याकडे शेअर आहे त्यांनाच. याचा परिणाम एन्रॉनमध्ये जगाने पाहिला. ८ नोव्हेंबर २००१ रोजी कंपनीने गेल्या काही वर्षांचा नफा फुगवून दाखवल्याचं कबूल केलं होतं, शेअर ९० डॉलरवरून दहाच्या खाली आला होता, आणि तरीही तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या १५ पैकी १० विश्लेषकांचं रेटिंग ‘बाय’ किंवा त्याहून जोरदार होतं, असं सिनेटच्या समितीला तपासात आढळलं. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणूनच रेटिंग काय आहे यापेक्षा ते कधी आणि कुठून कुठे बदललं, याला महत्त्व द्यावं. केंट वोमॅक या अभ्यासकाने अमेरिकेतल्या १९८९ ते १९९१ या काळातल्या शिफारशी तपासून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. नव्याने ‘बाय’ दिल्यानंतर शेअर बाजाराच्या तुलनेत सरासरी २.४ टक्केच पुढे गेले आणि तोही जोर लवकर ओसरला. नव्याने ‘सेल’ दिलेले मात्र सहा महिन्यांत ९.१ टक्के मागे पडले. ते सारं सोसूनही विश्लेषक ‘सेल’ म्हणतो, तेव्हा त्याच्याजवळ सहसा सबळ कारण असतं. तुमच्याकडे तो शेअर असेल तर तो अहवाल आधी वाचा.

बाकी अहवालांतून दोन आकडे वहीत उतरवून घ्या : मार्जिन किती धरलं आहे आणि पट किती. पंपाच्या कंपनीत ते १५ टक्के आणि २२ पट होते. निकाल आले की मार्जिन गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहा, कारण पंपांची विक्री उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी असते. समजा दोन तिमाही सरल्या आणि मार्जिन साडेतेरावरच अडकलं, वर यायचं चिन्ह नाही. तर विश्लेषकाच्या पुढच्या अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही. २,००० कोटींवर २७० कोटी, त्यातून ३३ गेले, कर गेला, शेअरमागे ४४ रुपये ४० पैसे उरले. त्याच २२ पटीने टार्गेट आता १,२५० किंवा १,१०० नाही, ९७७ आहे, आणि शेअर १,०८० ला चालला आहे.